किल्लारी भूकंप प्रकल्प: माहिती कुठून घेतली, ते कसे लिहावे

आदरणीय पालक,
मुलांनी माहिती जिथून घेतली, त्याची नोंद त्याच पानाच्या तळाशी हवी. किल्लारी भूकंपाची तीव्रता कुठे 6.2, तर कुठे 6.4 दिलेली आढळते. त्यामुळे स्रोताशिवाय आकडा तपासता येत नाही.

पुस्तक असेल तर लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशन, वर्ष आणि पान क्रमांक लिहावा. माहिती इंटरनेटवरून घेतली असेल, तर नुसते ‘गूगल’ लिहून चालणार नाही, ते फक्त पान शोधून देते. मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते. ते, नोंदीचे शीर्षक, संकेतस्थळाचा पत्ता आणि पाहिल्याची तारीख लिहावी. चार शब्द बदलून उतरवले तरी श्रेय द्यायचेच.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेची आठवण आजीने सांगितली असेल, तर तिचे नाव आणि गावही लिहा.

आपली,
वर्गशिक्षिका