नम्र ईमेलमधली नकळत लागलेली धार

लेखा विभागातली कर्मचारी पुरवठादाराला ईमेल लिहिते. सुरुवातीला नमस्कार, शेवटी धन्यवाद. मध्ये दोन वाक्ये: ‘अ‍ॅज पर माय लास्ट ईमेल, बिल 5 तारखेपर्यंत हवे होते. प्लीज नोट, जीएसटी क्रमांकाशिवाय बिल मंजूर होणार नाही.’ तिला फक्त बिल हवे आहे. पुरवठादाराला मात्र ‘तुम्ही वाचलेच नाही’ हा ठपका आणि वर ताकीद ऐकू येते.

असे का होते? जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आपला उपरोध ईमेलमधूनही ओळखला जाईल याची लिहिणाऱ्यांना बरीच खात्री होती. वाचणाऱ्यांना तो त्या मानाने फारच कमी ओळखता आला. लिहिणाऱ्याच्या मनात स्वतःचा आवाज असतो, वाचणाऱ्यापुढे नुसती अक्षरे.

धार शोधायची सोपी कसोटी आहे. तो शब्दप्रयोग खोडावा आणि काही माहिती गळाली का ते पाहावे. इथे काहीच गळत नाही, म्हणजे त्याचे काम फक्त दोष दाखवण्याचे होते. मग माहितीच पुन्हा द्यावी: ‘जीएसटी क्रमांकासह बिल शुक्रवारपर्यंत पाठवाल का? क्रमांक नसेल तर आमच्याकडे रक्कम अडकते.’ कारण कळले की ताकीद उरत नाही.

सर्वांसाठीच्या सूचनेत ‘कृपया नोंद घ्यावी’ खटकत नाही. एकाच माणसाला लिहिताना ते बोट रोखल्यासारखे वाटते. वाद लेखी नोंदीपर्यंत पोहोचला असेल, तर मात्र आधीच्या ईमेलचा उल्लेख तारखेसह, स्पष्टपणे करावा.