परीक्षक क्रमांक दोनचा तिसरा मुद्दा

सरकारी कचेरीत लेखापरीक्षण होऊन गेलं की मागे आक्षेपांची यादी उरते. मग अनुपालन अहवाल करायला बसावं लागतं. एका रकान्यात आक्षेप जसाच्या तसा, शेजारी त्याची पूर्तता आणि त्यापुढे पुराव्याचं पान. ज्यानं हा अहवाल एकदा तरी केला आहे त्याला ठाऊक असतं, की नुसतं ‘पूर्तता केली आहे’ लिहून आक्षेप निकाली निघत नाही. कुठे केली ते दाखवावं लागतं.

शोधनिबंध छापून येण्याआधी संशोधकालाही असाच एक अहवाल लिहावा लागतो. निबंध नियतकालिकाकडे गेला की संपादक तो दोन-तीन जाणकारांना वाचायला देतो. त्यांची नावं बहुधा लेखकाला कळत नाहीत. पत्रात ते ‘रिव्ह्यूअर १’, ‘रिव्ह्यूअर २’ एवढेच असतात. त्यांच्या टिप्पण्यांसह संपादकाचं पत्र येतं, ‘मोठी दुरुस्ती हवी’ असा शेरा असतो आणि ठरावीक मुदत असते. परत पाठवायच्या साधारण तीन गोष्टी : दुरुस्तीच्या खुणा दिसणारी प्रत, स्वच्छ प्रत आणि मुद्देनिहाय उत्तर. निबंधावर वर्षभर मेहनत घेणारे लोक हे उत्तर मात्र एका संध्याकाळी उरकतात आणि तिथेच अडकतात.

एक उदाहरण रचून पाहू. समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या ४८ विहिरी आणि बोअरवेलच्या पाण्यातलं फ्लोराइड एका संशोधिकेनं मोजलं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. तिच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांत प्रमाण १.५ च्या वर निघालं. दुसऱ्या परीक्षकाची तिसरी टिप्पणी अशी आली (प्रत्यक्षात ती इंग्रजीत असते) : ‘नमुने केवळ मे महिन्यात घेतले आहेत, पावसाळ्यानंतरचं चित्र वेगळं असू शकतं. मोजणीच्या उपकरणाचं अंशांकन कसं केलं याचा उल्लेख नाही. मुलांच्या दातांचे विकार या पाण्यामुळेच झाले, हे विधान दिलेल्या माहितीवरून निघत नाही.’

परिच्छेद एक, पण प्रश्न तीन. घाईत उत्तर लिहिणारा यातला सर्वांत सोपा प्रश्न उचलतो, त्याचं सविस्तर उत्तर देतो आणि उरलेले दोन नकळत गाळतो. त्याची लबाडी नसते, पण परीक्षकाला ती लबाडीच वाटते. म्हणून पहिलं काम लिहिण्याचं नाही, फोडण्याचं. संपादकाचं पत्र आखं एका नव्या फाइलमध्ये घ्यायचं आणि प्रत्येक प्रश्नाला क्रमांक द्यायचा. वरच्या टिप्पणीचे २.३क, २.३ख आणि २.३ग असे तीन तुकडे होतात. शब्द मात्र एकही बदलायचा नाही. टिप्पणीचा आपल्या भाषेत सारांश केला की तिची धार हमखास बोथट होते. ‘निष्कर्ष निघत नाही’चं ‘निष्कर्ष अधिक स्पष्ट करावा’ कधी होतं ते लिहिणाऱ्यालाही कळत नाही, पण ज्यानं ती टिप्पणी लिहिली त्याला लगेच कळतं. परीक्षकाचं व्याकरण चुकलं असलं तरी तसंच ठेवायचं. सुरुवातीची कौतुकाची दोन वाक्यंही ठेवायची आणि त्याखाली एका ओळीत आभार मानायचे.

दुसरं काम एका साध्या तक्त्याचं. क्रमांक, काय करायचं, कोणी करायचं, झालं का, एवढे चार रकाने पुरतात. निबंधाला चार सहलेखक असतील तर हा तक्ता नसल्यावर एकच आकृती दोघं सुधारतात आणि एक टिप्पणी कुणाच्याच वाट्याला येत नाही. विरोधही याच तक्त्यात दिसून येतो. समजा, पहिल्या परीक्षकानं १.४ मध्ये म्हटलं आहे की पद्धतीचा विभाग फार लांबला, कापा, आणि २.३ख मध्ये दुसरा म्हणतो आहे, तपशील वाढवा. दोघांना वेगवेगळं उत्तर देऊन दोघांचंही समाधान करता येत नाही, कारण दोघंही सगळं पत्र वाचू शकतात. इथे एकच निर्णय घ्यायचा : अंशांकनाची दोन वाक्यं मूळ निबंधात, बाकीचा तपशील पुरवणीत. हेच दोन्ही ठिकाणी लिहायचं, एकमेकांचे क्रमांक दाखवायचे आणि संपादकाला सुरुवातीच्या चार ओळींत हा पेच उघड सांगायचा. अखेर निवाडा त्यालाच करायचा असतो.

आता उत्तरं. आधी निबंध दुरुस्त करायचा, मग उत्तर लिहायचं. उलट केलं की पत्रात वचनं राहतात आणि निबंधात ती उतरत नाहीत. २.३ख सोपा आहे :

टिप्पणी २.३ख : ‘मोजणीच्या उपकरणाचं अंशांकन कसं केलं याचा उल्लेख नाही.’

उत्तर : हा तपशील राहून गेला होता, आता दिला आहे. दररोजच्या अंशांकनाचे आकडे पुरवणीतल्या तक्ता १ मध्ये आहेत (टिप्पणी १.४ चं उत्तरही पाहावं).

नवा मजकूर : ‘दररोज मोजणीपूर्वी लिटरमागे ०.५, १, २ आणि ५ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या चार द्रावणांनी इलेक्ट्रोडचं अंशांकन केलं. दर दहा नमुन्यांनंतर एक द्रावण पुन्हा मोजून पाहिलं.’

ठिकाण : विभाग २.२, पान ६, ओळी १३१ ते १३४, स्वच्छ प्रत.

नवा मजकूर उत्तरातच उतरवल्यामुळे परीक्षकाला दुसरी फाइल उघडावी लागत नाही. उघडायची झालीच, तर नेमकी ओळ हाताशी आहे. पुरवणीतल्या आकड्यांनाही काम आहे. या इलेक्ट्रोडच्या बाबतीत फ्लोराइडचं प्रमाण दहापट झालं की खोलीच्या तापमानाला सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडायला हवा. तसा तो पडला की नाही, हे परीक्षक तक्त्यावरून स्वतः ताडू शकतो. ‘अंशांकन योग्य रीतीने केले होते’ एवढं वाक्य लिहिलं असतं तर त्याच्या हाती काहीच लागलं नसतं.

२.३क अवघड आहे, कारण सरलेला पावसाळा परत आणता येत नाही. इथे दोन मोह होतात. एक म्हणजे ‘ऋतूमुळे फारसा फरक पडत नाही’ असं बिनपुराव्याचं दडपून लिहिणं. दुसरा, ‘पुढच्या वर्षी करू’ असं म्हणून विषय मिटवणं. दोन्हींत निबंध होता तसाच राहतो. त्याऐवजी जेवढं मोजलं तेवढाच दावा ठेवता येतो : शीर्षकात ‘उन्हाळ्यातील’ हा शब्द घालायचा आणि मर्यादांच्या परिच्छेदात, हे आकडे एकाच ऋतूचे आहेत व त्यावरून वर्षभराचं प्रमाण ठरवता येणार नाही, असं स्वच्छ लिहायचं. उत्तरात पहिल्याच वाक्यात कबूल करायचं की पावसाळ्यानंतरचे नमुने नाहीत, मग हे दोन बदल आणि त्यांची ठिकाणं. मागितलेलं काम झालं नाही, पण आक्षेपामुळे निबंध बदलला, एवढं संपादकाला दिसतं.

इथेच एक चूक फार होते. लेखक आक्षेपाचं सुंदर, मुद्देसूद उत्तर पत्रात लिहितो आणि निबंधाला हातच लावत नाही. परीक्षकाचा जो गैरसमज झाला, तोच उद्या वाचकाचा होणार असतो आणि त्याच्या हातात बहुधा हे पत्र नसतं. काही नियतकालिकं आता हा पत्रव्यवहार प्रसिद्ध करतात. ‘नेचर’नं २०२५ पासून नव्यानं येणाऱ्या संशोधन निबंधांसाठी तो नियमच केला. तरीही निबंध वाचणारा प्रत्येक जण ती फाइल उघडणार नाही. म्हणून परीक्षक चुकला असला, तरी तो कोणत्या वाक्याला अडखळला ते शोधून ते वाक्य सुधारायचं. असहमती दाखवायला हरकत नाही. पण तिथेही आधी उत्तर, मग पुरावा, मग ठिकाण हाच क्रम, आणि सूर पहिल्या उत्तरातला असेल तोच.

ओळींचे क्रमांक सगळ्यांत शेवटी भरायचे. वरच्या परिच्छेदात दोन ओळी वाढल्या की खालचं सगळं सरकतं, म्हणून तोवर तिथे फक्त रिकामी चौकट ठेवायची. वर्डमध्ये एक वेगळाच सापळा आहे. दुरुस्तीच्या खुणा दाखवल्या की खोडलेला मजकूरही जागा धरतो, आणि खुणा लपवल्या की तेच वाक्य दहा ओळी वर जातं. लेखकाच्या पडद्यावरची १३१ वी ओळ परीक्षकाच्या पडद्यावर १४० वी असू शकते. म्हणून क्रमांक नेहमी स्वच्छ प्रतीच्या पीडीएफवरून घ्यायचे आणि तसं उत्तराच्या सुरुवातीलाच लिहायचं. टिप्पणी निळी आणि उत्तर काळं असा भेद करणंही पुरेसं नाही. मजकूर संकेतस्थळावरच्या चौकटीत चिकटवला की रंग उडून जातात आणि कोण काय म्हणालं तेच कळेनासं होतं. ‘टिप्पणी’, ‘उत्तर’, ‘ठिकाण’ हे शब्द मात्र टिकतात. लेखकांची नावं परीक्षकांपासून लपवलेली असतील, तर दुरुस्तीच्या प्रत्येक खुणेशेजारी दिसणारं स्वतःचं नाव काढायला विसरायचं नाही.

राहिला २.३ग. इथे परीक्षकाचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. तिनं पाणी तपासलं, दात तपासले नाहीत. उत्तर दोन ओळींचं : विधान मागे घेतलं, निष्कर्षातलं वाक्य काढलं, पान १४. पत्र पूर्ण झालं.

पाठवण्याआधी तिनं ते शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला दिलं. निबंध न वाचता, फक्त पत्रातली ठिकाणं पडताळून पाहा, एवढंच काम सांगितलं. मैत्रिणीला सगळ्या ओळी जागच्या जागी सापडल्या. मग तिनं सहज स्वच्छ प्रतीत ‘दात’ हा शब्द शोधायला टाकला. निष्कर्षात तो नव्हता. सारांशाच्या शेवटच्या वाक्यात होता, आणि सूचक शब्दांच्या यादीतही. पत्रात विधान मागे घेतलेलं आणि सारांशात, म्हणजे जो भाग सर्वाधिक लोक वाचतात तिथे, ते तसंच उभं. मग २.३ग च्या उत्तरात पान १ आणखी एकदा लिहावं लागलं.