साच्यातला मोदक आणि तीस सेकंद

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी माझ्या धाकट्या भावानं पुण्याहून मोदकाचे ४० साचे पाठवले. अॅल्युमिनियमचे, दोन पाकळ्यांचे, मागे मूठ असलेले. इथे इंग्लंडमध्ये आमच्या ओळखीतल्या बायकांना ते विकायचे, चार पैसे सुटले तर बघायचं, एवढाच बेत. मी हौसेनं मोबाइलवर तीस सेकंदांचा व्हिडिओ केला आणि ग्रुपवर टाकला. १४ साचे गेले. त्यातले ५ परत आले!

कारण एकच. "अहो, एवढासाच मोदक होतो?"

चूक माझीच होती. साचा ९ सेंटिमीटरचा, असं मी व्हिडिओत सांगितलं होतं, पण ते माप मुठीसकट. त्यात साचा कॅमेऱ्याच्या इतका जवळ धरलेला की तो नारळाएवढा दिसत होता. इथे दुकानाबाहेर, फोनवर किंवा ऑनलाइन घेतलेला बहुतेक माल हाती पडल्यापासून १४ दिवसांत नको म्हणून कळवता येतो. त्यामुळे कुणाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पैसे परत केले.

भावाला फोनवर व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, "ताई, तू साचा विकतेयस की भाषण देतेयस? अकरा सेकंद तर नमस्कारातच गेले." खरंच होतं. 'नमस्कार मैत्रिणींनो, बाप्पा येतायत' वगैरे झाल्यावर किंमत सांगायला शेवटी दोन सेकंद उरली होती आणि टपालखर्च राहूनच गेला होता. मग प्रत्येकीचा वेगळा मेसेज, "पोस्टेज किती?"

या वर्षी आधी कागदावर लिहून काढलं. घड्याळ लावून मोठ्यानं वाचलं. घाई न करता बोलले तर माझ्या तोंडून तीस सेकंदांत साधारण ६५ शब्द निघतात. पहिला मजकूर शंभराच्या वर गेला होता. तो बसवायचा तर बातम्या वाचल्यासारखं धावत बोलावं लागत होतं. काटछाट करून उरलं ते हे:

"कळ्या पाडायला जमत नाही? हा बघा साच्यातला मोदक.

आतून तुपाचं बोट फिरवा, साचा मिटा. कोमट उकड खालच्या तोंडातून आत घालून कडेनं दाबा. मध्ये सारण भरा, तोंड उकडीनं बंद करा. उघडा, झाला मोदक. आता वाफवायचा.

मोदक पाच सेंटिमीटर उंच, मध्यम लिंबाएवढा. शेजारी दोन पौंडांचं नाणं आहे. एका साच्यात एका वेळी एकच मोदक.

एका साच्याची किंमत आठ पौंड, यूकेत टपालखर्च त्यातच. हवा असेल तर मला मेसेज करा."

साचा उघडून मोदक बाहेर येतो ते दृश्य सगळ्यात आधी ठेवलं, कारण बघणारी तेवढ्यावरच थांबते किंवा पुढे सरकते. कृतीला बारा-तेरा सेकंद दिली. प्रत्यक्षात एका मोदकाला मला मिनिटभर लागतं, म्हणून तुकडे वेगळे घेऊन जोडले. मात्र साचा मिटलेला ते मोदक बाहेर, हा तुकडा मधे कुठेही कापला नाही. तिथे कापलं की लोकांना शंका येते, आणि ती रास्त असते. पहिल्या दोन वेळा कळ्या साच्यालाच चिकटून राहिल्या. एकदा तूप कमी पडलं होतं, दुसऱ्यांदा दिव्याखाली उकड गार होऊन तिला चिरा गेल्या. म्हणून उकड ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली आणि सगळी जुळवाजुळव झाल्यावरच हातात घेतली.

माप सांगितलं ते मोदकाचं, साच्याचं नाही. गिऱ्हाईक पाहते ताटातला मोदक. मूठ केवढी याच्याशी तिला काय करायचंय? मोदक नाण्याशेजारी ठेवताना दोन्ही एकाच अंतरावर ठेवले, नाहीतर पुढचं मोठं दिसतं आणि पुन्हा तीच फसगत. सासूबाईंनी तो उचलून तळहातावर ठेवला, तेही घेतलं. नाण्यापेक्षा ते लवकर कळतं.

पुष्कळ जणी ऑफिसात किंवा ट्रेनमध्ये आवाज बंद करून बघतात, म्हणून '५ सेंमी' आणि '£८, टपालासह' ही अक्षरं पडद्यावरही टाकली. आधी ती अगदी खाली होती, तर नाव आणि बटणं येतात त्याच्याखाली किंमतच झाकली गेली. मग मधे घेतली आणि शेवटची सहा सेकंद हलवली नाहीत.

एक गोष्ट मात्र तीस सेकंदांत बसली नाही. तांदळाच्या कुठल्या पिठाची उकड चांगली होते, हे इथे प्रत्येकजण विचारते. ते मी मेसेजमध्ये वेगळं लिहून पाठवते.

उरलेले ३१ साचे होते, त्यातले २६ गेले. एक परत आला, पण तिला अकरा मोदकांचा साचा हवा होता.