शेवटचा कागद कधी पोचला?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया १२ मार्चला झाली. रुग्णालयात कॅशलेसची सोय नसल्यामुळे ६२,००० रुपये खिशातून भरले. २० मार्चला कागद पाठवले. मे अर्धा सरला, तरी फोन केला की उत्तर एकच: "प्रोसेसमध्ये आहे." अशा वेळी विमा कंपनीला पाठवायच्या ईमेलमध्ये संतापापेक्षा एक तारीख जास्त कामाची असते. शेवटचा आवश्यक कागद कंपनीला कधी मिळाला, ही ती तारीख. खर्चाची भरपाई मागणाऱ्या आरोग्य दाव्यावर कंपनीने साधारण १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. पण 'कागद अपुरे' असा शेरा पडला, की उशिराचे खापर ग्राहकावर फुटते.

म्हणून विषयाच्या ओळीतच दावा क्रमांक, पॉलिसी क्रमांक आणि 'तक्रार' हा शब्द लिहावा. नुसत्या चौकशीला चौकशीसारखेच उत्तर मिळते. ईमेल तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवावा आणि प्रत दावा विभागाला व टीपीएला द्यावी. मजकूर असा असू शकतो:

"२० मार्च रोजी दावा अर्ज, डिस्चार्ज समरी, मूळ बिल व पावती, औषधांची बिले चिठ्ठ्यांसह, तपासण्यांचे अहवाल आणि रद्द केलेला चेक स्पीड पोस्टने पाठवला. २ एप्रिलला आपण लेन्सचे स्टिकर मागितले. ते ५ एप्रिलला कुरिअरने पाठवले, ८ तारखेला आपल्या कार्यालयात पोचले. पोचपावती सोबत आहे. त्यानंतर आपण एकही कागद मागितलेला नाही. तरीही संकेतस्थळावर 'कागदपत्रे अपेक्षित' असे दिसते. काही बाकी असेल तर सर्व एकाच वेळी लेखी कळवा. अन्यथा दाव्यावर निर्णय द्या आणि झालेल्या विलंबाचे व्याजही द्या."

लेन्सच्या स्टिकरवर तिचा प्रकार आणि क्रमांक छापलेला असतो. बिलात लावलेली लेन्स खरोखर तीच होती, हे कंपनी त्यावरून पडताळते. मूळ कागद देण्याआधी प्रत्येकाची प्रत काढून ठेवावी, कारण दिलेला कागद फायलीत सापडत नाही तेव्हा त्या प्रतीवरच काम भागते.

व्याजाची मागणी मोघम नसते. मुदत टळल्यास बँक दरापेक्षा २ टक्के अधिक दराने व्याज देण्याचा नियम आहे. तक्रार दिल्यावर कंपनीला उत्तरासाठी १४ दिवस असतात. तिथे दाद लागली नाही तर विमा नियामकाचे 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक आहे. महिनाभर उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. मात्र त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. हा ईमेल म्हणजे तीच तक्रार.

ईमेलने दावा मंजूरच होईल असे नाही. मोतीबिंदूसाठी अनेक पॉलिसींत प्रतीक्षा कालावधी असतो आणि तो संपला नसेल तर दावा नाकारला जाईल. पण नकार आला तरी तो कारणासह लेखी येईल आणि त्यावर पुढे दाद मागता येईल.