पूर्णतेचा दाखला आणि काशीकरांच्या जमिनी

काशीतील मराठी वस्तीविषयी लिहावयास बसले की बहुतेकांची लेखणी भोसला घाट, सिंदिया घाट, अहिल्याबाई घाट यांच्या पायऱ्या उतरू लागते. परंतु इतरांच्या मिळकतींचे दप्तर चाळण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या माझ्यासारख्या करसल्लागाराला महमूरगंज, सिगरा, शिवपूर येथील आवारांचेच अगत्य अधिक. दुर्गाघाट-ब्रह्माघाटावरील काही कुटुंबांनी एके काळी कुणी बागेसाठी, कुणी भाडोत्री ठेवण्यासाठी अशा जागा घेऊन ठेविल्या होत्या. घाटावरचा वाडा पाडून तेथे इमारत उठविण्याची सोय नाही, कारण गंगेच्या काठापासून दोनशे मीटरांच्या पट्ट्यात नवे बांधकाम निषिद्ध आहे; तेव्हा वाडा वाड्याच्या जागी राहतो, वारस पुण्या-नागपुरास राहतात, आणि बिल्डरच्या हाती जाते ती ही गावाबाहेरची, आता गावात आलेली, जमीन. मालकाने जमीन द्यावयाची, बिल्डरने इमारत बांधावयाची, आणि मोबदल्यात मालकाने काही फ्लॅट व वर थोडी रोकड घ्यावयाची, हा व्यवहार वाचकांस सांगावयास नको. त्यावरील आयकराचा इतिहास मात्र सांगण्याजोगा आहे.

या इतिहासाचा पूर्वभाग मी झटपट उरकतो. १९८८ पर्यंत नोंदलेल्या बैनाम्यावाचून हस्तांतर होत नसे, म्हणून कबजा आणि मुखत्यारपत्र देऊन लोक वर्षानुवर्षे करावाचून राहत; ती वाट बुजविण्यासाठी कलम २(४७) मध्ये अशी भर पडली की मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३अ मध्ये वर्णिलेल्या करारान्वये कबजा दिला तर तेही हस्तांतरच. पुढे २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने चतुर्भुज द्वारकादास कपाडिया यांच्या प्रकरणात म्हटले की संपूर्ण करार वाचला असता मिळकतीवरचा पुरा ताबा विकासकाकडे गेल्याचे दिसत असेल, तर कराचे वर्ष ठरविण्यास कराराचीच तारीख धरावी. तत्त्व निर्दोष होते. परंतु आयकर खात्याने त्याचा जो उपयोग केला त्याने मालकांच्या तोंडचे पाणी पळाले. विटेवर वीट चढलेली नाही, नकाशाही मंजूर नाही, आणि तरीही पाच वर्षांनी मिळावयाच्या फ्लॅटांवरचा कर आज भरा, असा तो प्रकार होता. कर भरावयास पैसा कोठून आणावा, हा प्रश्न खात्याच्या कक्षेत येत नव्हता.

पंजाबातील बलबीरसिंग मैनी यांच्या प्रकरणाने ही विसंगती चव्हाट्यावर आणली. मोहालीजवळच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांनी २००७ साली विकासकाशी करार केला, पर्यावरणाच्या खटल्यात प्रकल्प अडकला, आणि फ्लॅट तर मिळाले नाहीतच, परंतु न मिळालेल्या फ्लॅटांवरचा कर मात्र दाराशी आला. सर्वोच्च न्यायालयाने तब्बल दहा वर्षांनी, ४ ऑक्टोबर २०१७ रोजी निर्णय दिला की २००१ नंतरचा असा करार नोंदलेला नसेल तर कलम ५३अ लागू होत नाही, आणि ते लागू नसेल तर हस्तांतर नाही. त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने कलम ४५(५अ) आणले, ज्याच्यासाठी माझ्यासारखे काही जण फार दिवस कंठशोष करीत होते.

या कलमाचा गाभा एकाच कागदात आहे, तो म्हणजे पूर्णतेचा दाखला. मालक व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असावा, करार नोंदलेला असावा, आणि मोबदल्यात प्रकल्पातला हिस्सा असावा. मग लाभ करपात्र होतो तो कराराच्या वर्षी नव्हे, तर संपूर्ण प्रकल्पाचा अथवा त्याच्या एखाद्या भागाचा पूर्णतेचा दाखला सक्षम प्राधिकरणाकडून ज्या वर्षी निघतो त्या वर्षी. काशीपुरते हे प्राधिकरण म्हणजे वाराणसी विकास प्राधिकरण. किंमत धरावयाची ती दाखल्याच्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याने, म्हणजे इकडच्या भाषेत सर्किल रेटने. आणि तीत रोख, धनादेश वा अन्य मार्गाने मिळालेली रक्कम मिळवावयाची. धर्मादाय न्यास, भागीदारी संस्था आणि कंपन्या यांना या कलमाची सावली नाही, हे येथील जुन्या अन्नछत्रांच्या विश्वस्तांनी करारावर सही करण्यापूर्वी ध्यानी घ्यावे.

आता आमच्या गावची गोष्ट. येथे इमारत पुरी होते, लिफ्ट चालू लागते, गृहप्रवेशाचे पेढे वाटले जातात, आणि पूर्णतेचा दाखला मात्र निघत नाही. कारण मंजूर नकाशापेक्षा मजला जास्त चढलेला असतो, अथवा वाहनतळात दुकाने उघडलेली असतात, आणि शमन शुल्क भरून बांधकाम नियमित करून घेण्याचे काम बिल्डर पुढच्या प्रकल्पाच्या धामधुमीत टाळीत राहतो. ‘दाखला नाही तर कर नाही’ असे एक सोयीस्कर शास्त्र यातून निपजले असून, त्याचे प्रतिपादक सभांतून मोठ्या आत्मविश्वासाने बोलतात. कलमाच्या अक्षरांना धरून ते क्षणभर खरेही वाटते. परंतु दाखल्यापूर्वी मालकाने आपला हिस्सा विकला तर ही सवलत सुटते, विक्रीचेच वर्ष कराचे वर्ष होते, आणि मूल्यही या कलमाबाहेरच्या नियमांनी ठरते. शिवाय दाखला तीन वर्षांनी निघाला तर तीन वर्षांनी वाढलेला सर्किल रेट लागतो, म्हणजे बिल्डरच्या आळसाचा भुर्दंड मालकास. जी किंमत धरून कर दिला तीच पुढे त्या फ्लॅटांची खरेदी किंमत मानली जाते, एवढाच काय तो दिलासा. परंतु ज्यास फ्लॅट विकावयाचेच नाहीत त्याला त्या दिलाशाचा उपयोग कोणता?

खरा वाद याहून सूक्ष्म आहे, आणि तो उदाहरणावाचून कळणार नाही. समजा, शिवपुरातील एका विधवा बाईंच्या नावे वडिलोपार्जित भूखंड आहे, ज्याचे १ एप्रिल २००१ चे मूल्य १२ लाख रुपये भरते. डिसेंबर २०२० मध्ये नोंदणीकृत करार झाला: चार फ्लॅट आणि २० लाख रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये दाखला निघाला, त्या दिवशी प्रत्येक फ्लॅटचे मुद्रांक मूल्य ५५ लाख. एकूण मोबदला २ कोटी ४० लाख. कर २०२५-२६ या वर्षाचा, याबद्दल दुमत नाही. परंतु हस्तांतर कोणत्या वर्षी झाले? कलम ४५(५अ) कर कोणत्या वर्षी लागेल ते सांगते. हस्तांतराची तारीख ते बदलीत नाही. आणि करदर हस्तांतराच्या तारखेवर ठरतो, कारण २३ जुलै २०२४ पूर्वीच्या हस्तांतराला महागाई निर्देशांकासह २० टक्के, आणि त्यानंतरच्याला निर्देशांकावाचून साडेबारा टक्के.

हस्तांतर २०२० साली झाले असे धरा. त्या वर्षीचा निर्देशांक ३०१, म्हणून १२ लाखांचे ३६ लाख १२ हजार झाले, लाभ २ कोटी ३ लाख ८८ हजार, आणि अधिभार-उपकर वगळता कर सुमारे ४० लाख ७८ हजार. हस्तांतर २०२५ साली झाले असे धरा. मग लाभ २ कोटी २८ लाख आणि कर साडेअठ्ठावीस लाख. तोच भूखंड, तेच फ्लॅट, तोच दाखला. अंतर सव्वाबारा लाखांचे.

येथे करारातील कबजाचे कलम निर्णायक ठरते. शेषसायी स्टील्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले की बांधकामासाठी जमिनीवर प्रवेश करण्याचा परवाना म्हणजे कलम ५३अ मधला कबजा नव्हे. म्हणून बाईंच्या दस्तऐवजात ‘जागेचा कबजा आजच दिला व घेतला’ असे लिहिले असेल तर २०२० टाळणे कठीण; आणि ‘विकासकास केवळ प्रवेशाची परवानगी, कायदेशीर कबजा मालकाकडेच राहील’ असे असेल, तर २०२५ चा पक्ष सबळ. दाखल्याचीच तारीख सर्व गोष्टींना लावावी असे मानणारे जाणकार आहेत. दरापुरते त्यांचे म्हणणे मला पटत नाही, कारण त्यासाठी कलमात नसलेला शब्द घालावा लागतो.

आणि घर घेतल्यास सूट देणारे कलम ५४फ याच तारखेभोवती फिरते. पूर्वी त्यात ‘एक निवासी घर’ म्हणजे शेजारशेजारचे चार फ्लॅटही होऊ शकतात, अशा उदार न्यायनिर्णयांचे दिवस होते. २०१४ च्या दुरुस्तीने ते संपले, आता भारतातले एकच घर, तेही हस्तांतराच्या दिवशी मालकाकडे नव्या घराखेरीज एकाहून अधिक घरे नसतील तर. घर हस्तांतरापासून तीन वर्षांत बांधून व्हावे लागते. २०२० ची तारीख धरली तर ती मुदत डिसेंबर २०२३ ला संपते, आणि बाईंचा फ्लॅट ऑगस्ट २०२५ चा! ती सूट मागण्यास मग भांडावे लागते. २०२५ धरली तर एका फ्लॅटपोटी ५२ लाख २५ हजार वजा होऊन कर सुमारे २१ लाख ९७ हजारांवर येतो. कबजाचे एक वाक्य दोन ठिकाणी पैसे नेते अथवा वाचविते, ते असे.

आता हे वाक्य लिहितो कोण? पूर्वी कचेरीबाहेर बसणारे दस्तलेखक कायदा शिकलेले नसत, परंतु प्रत्येक कबजाच्या ओळीपाशी थांबून मालकाला विचारीत. आज बिल्डरच्या संगणकातून नोएडाच्या कुठल्या प्रकल्पाचा साचा निघतो, त्यात भूखंडाचा आराजी क्रमांक आणि नाव बदलते, आणि मालकांचे तरुण वकील कबजाची ओळ न वाचता प्रत्येक पानावर सह्या घेतात. मला या व्यवसायातील एवढ्या एकाच अधोगतीचे मनापासून दुःख आहे.

रोख रकमेवरील कपात हा विषय रूक्ष, परंतु त्यात लोक फसतात. वीस लाखांवर बिल्डरने कलम १९४-आयसी खाली त्या वर्षीच्या कमी केलेल्या दराने साडेसात टक्के, म्हणजे दीड लाख, २०२० सालीच कापून भरले. उत्पन्न मात्र २०२५-२६ चे. नियम ३७बीए प्रमाणे जमा उत्पन्नाच्या वर्षी मिळते, म्हणून विवरणपत्राच्या कपातीच्या अनुसूचीत ती रक्कम दर वर्षी पुढे ओढीत न्यावी लागते. एक वर्ष विसरले की पाच वर्षांनी ती सिद्ध करण्यास प्रमाणपत्र शोधावे लागते. वस्तू व सेवा कराविषयी इतकेच की निवासी प्रकल्पात विकास हक्कावरचा कर २०१९ नंतर जेथे लागतो तेथे बिल्डरच्या माथी आहे, आणि करारात तो मालकावर ढकलणारी ओळ असल्यास ती खोडावी.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर अधिनियमात क्रमांक बदलले असले तरी ही तरतूद राहिली आहे. ज्यांचे करार झालेले आहेत त्यांनी मूळ प्रत काढून तीन ओळी पाहाव्यात: कबजा कोणत्या शब्दांनी दिला, मुखत्यारपत्रात विक्रीचा अधिकार आहे की केवळ परवानग्यांचा, आणि पूर्णतेचा दाखला आणण्याची जबाबदारी व मुदत बिल्डरवर लिहिली आहे की नाही. तिसरी ओळ बहुधा नसतेच. ज्यांचे करार व्हावयाचे आहेत त्यांनी ती घालून घ्यावी आणि दिरंगाईमुळे वाढलेल्या सर्किल रेटचा जादा कर बिल्डरने द्यावा, असेही लिहून घ्यावे; बिल्डर कुरकुर करतो, परंतु जमिनीची गरज त्यालाच अधिक असते तो दिवस सहीपूर्वीचाच होय.