फी उशिरा गेली, फरक कोणी भरायचा?

समजा, मुलीच्या २०,००० डॉलर फीसाठी वडिलांनी सोमवारी ए-टू फॉर्म दिला, बँकेने ८४.१० रुपयांचा दर सांगितला. पैसे गेले गुरुवारी, ८४.९० ने. भुर्दंड १६,००० रुपयांचा. अशा वेळी बँकेला लिहायच्या पत्रात संताप कमी आणि वेळा जास्त हव्यात: फॉर्म कधी स्वीकारला, खात्यातून रक्कम कधी वळती झाली, दर कधी लावला. स्विफ्ट संदेशाची प्रतही मागावी. पैसे कधी निघाले ते तिच्यात दिसते. तोंडी सांगितलेला दर बांधील नसतो, हे बँक हमखास ऐकवते, आणि बरेचदा ते खरेही असते. म्हणून भर विलंबावर द्यावा: कागद पूर्ण असताना तीन दिवस का लागले? ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.