पालकाच्या पानातले चार रंग

पालकाचं पान हिरवं दिसतं, पण त्यात निदान चार रंगद्रव्यं असतात. निळसर हिरवं क्लोरोफिल-ए, पिवळट हिरवं क्लोरोफिल-बी, पिवळं झँथोफिल आणि नारिंगी-पिवळं कॅरोटीन. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉर्सात काम करताना पानांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीत ओतला, वरून द्रावक सोडलं आणि नळीत रंगांचे वेगवेगळे पट्टे पाहिले. क्रोमॅटोग्राफी हे नाव त्यांनीच 1906 साली दिलं.

कागदावरचा प्रयोग त्यामानाने स्वस्त. पालकाची पानं थोड्या अ‍ॅसिटोनबरोबर खलात घोटून गडद हिरवा अर्क काढायचा. फिल्टर पेपरच्या पट्टीवर खालच्या कडेपासून 2 सेंटीमीटरवर पेन्सिलीने रेघ मारायची. पेन इथे चालत नाही, कारण शाईसुद्धा द्रावकाबरोबर वर चढते आणि तिचेही रंग वेगळे होऊ लागतात. बारीक केशनळीने रेघेवर अर्काचा टिंब द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा त्याच जागी द्यायचा. टिंब लहान आणि गडद हवा. पसरट झाला तर पुढे रंगांच्या नुसत्या शेपट्या दिसतात. मग नऊ भाग पेट्रोलियम ईथर आणि एक भाग अ‍ॅसिटोन असं मिश्रण बरणीत जेमतेम सेंटीमीटरभर घेऊन पट्टी उभी सोडायची आणि झाकण लावायचं. द्रावक टिंबाच्या वर असेल तर अर्क वर चढण्याऐवजी बरणीतच विरघळून जातो. आणि हो, दोन्ही द्रव चटकन पेट घेतात, तेव्हा जवळपास बर्नर नको.

द्रावक कागदातून वर चढू लागला की प्रत्येक रंगद्रव्याची ओढाताण सुरू होते. कागद म्हणजे सेल्युलोज. त्याच्या रेणूंवर ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट आहेत आणि ते हवेतलं पाणी धरून ठेवतात, म्हणून कागद ध्रुवीय. ध्रुवीय म्हणजे ज्याच्या रेणूत विद्युतभार सारखा वाटला गेलेला नाही, एक टोक किंचित ऋण तर दुसरं किंचित धन. पेट्रोलियम ईथर जवळजवळ अध्रुवीय. कॅरोटीनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन, त्यामुळे कागदाला धरायला त्यात काही सापडतच नाही. ते द्रावकाबरोबर सरळ वर निघून जातं. दोन्ही क्लोरोफिलांतला फरक मात्र एवढासा. ए मध्ये जिथे CH3 गट आहे तिथे बी मध्ये CHO गट आहे. या एका ऑक्सिजनमुळे बी अधिक ध्रुवीय होतं आणि मागे राहतं.

किती मागे, हे मोजायचं तर पट्टी बाहेर काढताक्षणी द्रावक जिथवर पोचला तिथे पेन्सिलीने खूण करावी. क्षणभर उशीर झाला तरी ओली कड उडून जाते. मग साधा भागाकार:

Rf = पदार्थाने कापलेलं अंतर ÷ द्रावकाने कापलेलं अंतर

दोन्ही अंतरं पेन्सिलीच्या रेघेपासून मोजायची, कागदाच्या कडेपासून नव्हे. विद्यार्थी हमखास चुकतात ते इथेच. डागाचा मध्य धरायचा. समजा, द्रावक 12 सेंटीमीटर चढला. कॅरोटीन 11.4 वर असेल तर Rf 0.95, झँथोफिल 8.5 वर असेल तर 0.71, क्लोरोफिल-ए 7.8 वर तर 0.65 आणि बी 5.4 वर तर 0.45. उत्तर एकाहून मोठं आलं तर मोजण्यात चूक आहे, कारण पदार्थ द्रावकाच्या पुढे जाऊच शकत नाही. कधी मध्येच एक करडा डाग दिसतो. अर्कातल्या आम्लामुळे क्लोरोफिलातलं मॅग्नेशियम निघून गेलं की तो येतो. पाचवं रंगद्रव्य सापडलं म्हणून हुरळून जाऊ नये.

कागदावर रंग दिसतात, पण हाती फारसे येत नाहीत. ते बाटलीत हवे असतील तर स्तंभ लागतो. ब्युरेटच्या तळाशी कापूस घालून तीत पेट्रोलियम ईथरमध्ये कालवलेलं सिलिका जेल भरायचं आणि वर अर्क सोडायचा. नुसतं पेट्रोलियम ईथर ओतलं की आधी पिवळं कॅरोटीन खाली उतरतं. मग अ‍ॅसिटोन थोडं थोडं वाढवत न्यायचं, म्हणजे द्रावकच अधिक ध्रुवीय होतो आणि अडकलेले हिरवे पट्टे सुटून येतात. द्रवाची पातळी सिलिकाच्या खाली मात्र जाऊ देऊ नये. स्तंभ सुकला की त्याला भेगा पडतात, द्रावक भेगांतून धावतो आणि पट्टे एकमेकांत मिसळतात.

गंमत झँथोफिलची आहे. कागदावर ते दोन्ही क्लोरोफिलांच्या पुढे होतं. सिलिकावर बहुधा सर्वांत शेवटी उतरतं, कारण त्याचे दोन मोकळे OH गट सिलिका घट्ट धरून ठेवते. म्हणजे Rf हा पदार्थाचा एकट्याचा गुण नाही. कागद, द्रावक, तापमान, बरणीचं झाकण, यातलं काहीही बदललं की आकडा बदलतो. म्हणून पुस्तकातल्या आकड्याशी आपला आकडा ताडून पदार्थ ओळखू नका. ओळखीच्या पदार्थाचा टिंब त्याच कागदावर शेजारी द्या आणि दोन्ही एकाच उंचीवर चढतात का ते पाहा.